वासुदेवाला पळवताना : एका स्प्राइट शीटचा माझा अनुभव

माझ्या छोट्या प्लॅटफॉर्म गेमचा नायक वासुदेव आहे. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगात घोळदार अंगरखा, हातात चिपळ्या. हे पात्र घेण्यामागे भावनेइतकंच एक तांत्रिक कारणही होतं. पिक्सेल आर्टमध्ये पात्र ओळखू येतं ते बाह्याकृतीवरून, आणि वासुदेवाची बाह्याकृती नुसत्या काळ्या सावलीतही चुकत नाही. शिवाय टोपी आणि अंगरख्याचा घोळ या शरीरामागून हलणाऱ्या दोन गोष्टी आयत्या मिळतात. अ‍ॅनिमेशनमध्ये वजन दिसतं ते अशा मागे राहणाऱ्या भागांमुळेच.

गेमचा पडदा ३२० बाय १८० पिक्सेलचा ठेवला, कारण तो चौपट केला की १२८० बाय ७२० आणि सहापट केला की बरोबर १९२० बाय १०८० होतो. एका फ्रेमची चौकट ३२ रुंद, ४८ उंच. टोपीसाठी वरच्या बारा-तेरा ओळी लागतात, म्हणून चौरस चौकट पुरली नसती. चित्रं एसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली. पहिली रेघ मारण्याआधी एक गोष्ट पक्की केली : पात्र जमिनीवर असेल तेव्हा टेकलेल्या पायाचा तळवा वरून ४७व्या ओळीत, आणि खालची एक ओळ कायम रिकामी. ही रेषा एका फ्रेममध्ये जरी वरखाली झाली, तरी उभं पात्र जमिनीवर उचकी लागल्यासारखं हलतं.

उभं राहण्याचं चक्र चार फ्रेमचं आहे. श्वास दाखवायला छाती फक्त एक पिक्सेल खाली जाते, पाय जागचे हलत नाहीत. सगळं शरीर एकदम खाली-वर केलं तर ते लिफ्टसारखं दिसतं. म्हणून पहिल्या फ्रेममध्ये छाती आणि टोपी दोन्ही वर, दुसऱ्यात फक्त छाती खाली, तिसऱ्यात दोन्ही खाली, चौथ्यात छाती वर आलेली पण टोपी अजून खालीच. डोकं एक फ्रेम उशिरा पोचतं. वेळही सारखा दिला नाही : पहिली आणि तिसरी फ्रेम ३०० मिलिसेकंद, दुसरी आणि चौथी १५०. श्वास टोकाला क्षणभर थांबतो, ते या विषम वेळांमुळे जाणवतं.

सगळ्यात जास्त वेळ धावण्याने घेतला. सहा फ्रेम, म्हणजे एका पावलाला तीन : पाय टेकतो, शरीर एक पिक्सेल दबतं, मग दोन्ही पाय हवेत आणि शरीर दोन पिक्सेल वर. पुढच्या तीन फ्रेममध्ये हेच दुसऱ्या पायाने. ही हवेतली फ्रेम गाळली तर भरभर चालणं दिसतं, धावणं नाही. इतक्या लहान आकारात डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हेच कळत नाही, म्हणून पलीकडचा हात आणि पाय एक छटा गडद रंगवला. तेवढ्यानेच पायांची अदलाबदल वाचता येते.

एसप्राइटमध्ये छान दिसणारं धावणं गेममध्ये घातलं की बहुतेकदा पाय घसरतो, जणू फरशी ओली आहे. हे पकडायला मी चाचणीच्या जमिनीवर दर आठ पिक्सेलला उभी रेघ मारली आणि गेम हळू वेगात चालवला. टेकलेला पाय रेघेला चिकटून राहिला पाहिजे. इथे अंदाज न करता हिशोब करावा. माझ्या चित्रात टेकलेला पाय पहिल्या फ्रेममध्ये शरीराच्या मध्यापासून चार पिक्सेल पुढे आहे आणि दुसऱ्यात दोन पिक्सेल मागे, म्हणजे फ्रेमला सहा पिक्सेल सरकतो. गेममध्ये वासुदेवाचा वेग सेकंदाला ९० पिक्सेल. नव्वद भागिले सहा, म्हणजे सेकंदाला १५ फ्रेम हव्यात. दहाने चालवलं तर शरीर फ्रेममागे नऊ पिक्सेल जातं, पाय मात्र सहाच मागे येतो, आणि उरलेले तीन पिक्सेल घसरण म्हणून दिसतात. १५ वर सहा फ्रेमचं पूर्ण चक्र ०.४ सेकंदात होतं. चिमुकल्या, लगबगीच्या पात्राला ते शोभतं. वेग बदलायचा झाला तर अ‍ॅनिमेशनचा वेगही त्याच प्रमाणात बदलावा लागतो.

उडीचं चक्र मात्र खऱ्या अर्थाने चक्र नसतंच. उडी किती वेळ चालेल हे आधी माहीत नसतं, कड्यावरून पडलं तर पात्र बराच वेळ हवेत राहतं. म्हणून उडीचे तुकडे केले : वर जाताना दोन फ्रेमचं चक्र, शिखरावर एक फ्रेम, खाली येताना दोन फ्रेमचं चक्र आणि टेकण्याची एक. वर जाताना अंगरखा पायांना चिकटतो आणि टोपीचं टोक मागे झुकतं. खाली येताना घोळ फुलून वर येतो आणि पिसं ताठ होतात. पात्र वर चाललंय की खाली, हे खेळणाऱ्याला त्या घोळावरूनच कळतं. या फ्रेम काढताना शरीर चौकटीत जागच्या जागीच ठेवायचं. वर नेण्याचं काम गेमचं इंजिन करतं. चित्रातही वर नेलं तर उंची दोनदा मोजली जाते.

उडी घेण्याआधी गुडघे वाकवण्याची फ्रेम मी ठेवली नाही. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनपटात ती हवीच, पण इथे बटण दाबल्याबरोबर पात्र उडालं नाही तर खेळ जड वाटतो. ते वाकणं मी टेकण्याच्या फ्रेममध्ये वापरलं, तीही जेमतेम ८० मिलिसेकंद, आणि खेळणारा धावत असेल तर ती गाळून थेट धावणं.

कुठला तुकडा कधी दाखवायचा, हे घड्याळावर न सोडता उभ्या वेगावर सोडलं. गोडोट या गेम इंजिनमध्ये वर जाताना `velocity.y` ऋण असतो :

```
if not is_on_floor():
    if velocity.y < -60:
        anim.play("rise")
    elif velocity.y > 60:
        anim.play("fall")
    else:
        anim.play("apex")
```

माझं गुरुत्वाकर्षण ९०० आणि उडीचा सुरुवातीचा वेग ३०० आहे. त्यामुळे उडी ५० पिक्सेल उंच जाते आणि शिखराला पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. ६० ची मर्यादा दोन्ही बाजूंनी धरली की शिखराची फ्रेम साधारण ०.१३ सेकंद दिसते. मर्यादा १० केली तर ती डोळ्यांना दिसतच नाही, १५० केली तर वासुदेव हवेत तरंगू लागतो.

सगळ्या फ्रेम एकाच चित्रात मांडल्या की ती स्प्राइट शीट. माझी शीट सहा स्तंभ आणि तीन ओळींची झाली : वर उभं राहणं, मध्ये धावणं, खाली उडीच्या सहा फ्रेम. १९२ बाय १४४. पहिल्या ओळीतल्या शेवटच्या दोन चौकटी रिकाम्या आहेत, त्या तशाच सोडल्या. चौकटी एकसारख्या असल्या की कापताना गोंधळ होत नाही. गोडोटमध्ये `Default Texture Filter` हे `Nearest` वर ठेवलं, नाहीतर कडा धूसर होतात.

शेवटी धडकेचा चौकोन बसवला, १२ रुंद आणि ३० उंच. टोपी त्याच्या बाहेर ठेवली आणि सगळ्या अ‍ॅनिमेशनना हाच एक चौकोन दिला. फ्रेमनुसार तो बदलला तर टेकताना पात्र भिंतीत अडकतं. पिसं छताला थोडी घासून जातात, पण ठेंगण्या कमानीखालून वासुदेव न थबकता धावत जातो.