होस्टेलची पहिली रात्र आणि माझा अडलेला ‘तुमि’

मी मूळची नागपूरची. लग्नानंतर अकरा वर्षं कोलकात्यात काढली, बंगाली बोलते, वाचते. पण लिहिण्याचा संबंध वाणसामानाच्या यादीपुरता. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या पूजेच्या स्मरणिकेला मुलांसाठी एक गोष्ट हवी होती. सासूबाईंनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं.

गोष्ट साधी होती. बाँकुड्याचा अनिर्बाण नववीत कोलकात्याच्या होस्टेलवर येतो. खोलीत सौम्य आधीपासून राहतोय. दोघांची पहिली रात्र, एवढंच. वर्णनं जमली. संवाद लिहून झाल्यावर नणंदेच्या चौदा वर्षांच्या मुलीला वाचायला दिले, तर ती तिसऱ्या ओळीलाच फिसकन हसली. “मामी, एरा कि दादु?” ही मुलं आहेत की आजोबा?

मी ‘गेलुम’, ‘खेलुम’ लिहिलं होतं. माझं बंगाली जुन्या कोलकात्याच्या गोष्टी वाचून पक्कं झालेलं, आणि त्यांत सगळे ‘-लुम’नेच बोलतात. आजची पोरं ‘गेलाम’, ‘खेलाम’ म्हणतात. हे दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली.

खरी अडचण सर्वनामाची होती. आपल्याकडे दोन पोरं भेटली की पहिल्या वाक्यापासून ‘तू’. बंगालीत तीन पायऱ्या आहेत: आपनि, तुमि, तुइ. तुमि बरोबरीच्या अनोळखी माणसाला चालतं, आई-वडिलांना चालतं, काकालाही चालतं. तुइ म्हणजे सलगीचं, मित्राला, धाकट्याला. क्रियापदही बदलतं: तुमि खाबे, तुइ खाबि. मी मुलांना अर्धी रात्र तुमिवर ठेवलं होतं आणि शेवटी मैत्री झाल्यावर दोघं एकदम तुइवर येतात, असा माझा मोठा प्रसंग होता. फार खूश होते मी त्यावर.

भाचीने तो एका वाक्यात निकालात काढला. “होस्टेलमध्ये तुमि दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही.” शिवाय माझा अनिर्बाण बारावीच्या मुलाला ‘आपनि’ म्हणत होता. माझं मराठी ‘अहो’ तिथे घुसलं होतं. मोठ्या मुलाला नावापुढे ‘दा’ लावायचं आणि तुमि म्हणायचं. तो मात्र तुला तुइच म्हणणार.

दोन दिवस वही उघडलीच नाही. मग वाटलं, दोघांनी एकत्र कशाला बदलायला हवं? सौम्य पहिल्या शब्दापासून तुइ म्हणेल, आणि लाजरा अनिर्बाण तुमि सोडणार नाही. नवा संवाद असा झाला:

“मोशारि एनेछिस?”
“ना... तुमि एनेछो?”
“तुमि! आमि कि तोर काका?”

मच्छरदाणी आणलीस का, नाही, तुम्ही आणलीत का, आणि मी काय तुझा काका? मराठीत नाइलाजाने ‘तुम्ही’ लिहिलं, पण ते जरा जास्तच अदबीचं होतं.

मग एकाच मच्छरदाणीत दोघं. चार दोऱ्या: दोन खिडकीच्या गजाला, एक खिळ्याला, चौथीला जागाच नाही म्हणून ती कपाटाच्या कडीला. त्यामुळे एक कोपरा लोंबतो आणि तिथूनच डास आत येतो. दिवा गेलेला.

“एकटा ढुकेछे.” एक शिरलाय.
“कोथाय?” कुठे?
“तोर नाकेर ओपोर.” तुझ्या नाकावर.

हे शेवटचं वाक्य अनिर्बाणचं. तुमिच्या ‘तोमार’ऐवजी तो तुइचं ‘तोर’ म्हणून जातो आणि त्याचं त्यालाही कळत नाही. त्याबद्दल मी पुढे अक्षरही लिहिलं नाही. भाचीने तिथे बोट ठेवलं आणि नुसतं “ए बाबा!” म्हणाली.

बाँकुड्याच्या बोलीतले मी दोनच शब्द ठेवले, ‘केनो’ऐवजी ‘केने’ आणि अधूनमधून ‘बटे’. ती बोली माझ्या कानात नाही. जास्त लिहिली असती तर नक्कल झाली असती, आणि कोलकात्याची पोरं अशा नकला फार करतात. एक ओळ मात्र फुकट मिळाली. वडील फाटकातून निघताना “आसि रे” म्हणतात. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, तसंच. तिथे पेन अडलंच नाही.

छपाईआधी मुद्रितं आली. तपासणाऱ्या काकांनी लाल शाईने ‘तोर’चं ‘तोमार’ करून ठेवलं होतं. मी फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “दिदि, मुलगा सगळीकडे तुमि म्हणतो, एवढ्या एकाच ठिकाणी चुकलं होतं. मी सुधारलं.”

मी म्हटलं, काका, तेवढी चूक राहू द्या.