तीनसीटर सोफा, डावी बाजू बसलेली: फोटोंवरून लागलेला पत्ता

मावसभावाने सोफ्याचे फोटो पाठवले आणि विचारलं, "फोम बदलू की सरळ कव्हर घालू?" समोरून काढलेल्या फोटोत डावी बैठक खचलेली दिसत होती, पण एवढ्यावरून दोष फोमचा की खालच्या स्प्रिंगांचा हे कळत नाही. म्हणून त्याला डावी आणि उजवी गादी अदलाबदल करून त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढायला सांगितला. खड्डा डावीकडेच राहिला. म्हणजे मुख्य बिघाड गादीच्या खाली होता.

मग सोफा पाठीवर आडवा करून, तळाचं काळं कापड एका कडेने सोडवून, टॉर्चच्या उजेडात फोटो घेतले. झिगझॅग स्प्रिंगांपैकी एकीची मागची क्लिप निघाली होती आणि स्प्रिंग लोंबत होती. क्लिप धरणारी पट्टी प्लायवूडची आहे. कापलेल्या कडेवर थर स्पष्ट दिसतात. जुन्या खिळ्याची भोकं रुंदावली आहेत, त्यामुळे त्याच भोकात खिळा ठोकून उपयोग नाही. क्लिप थोडी बाजूला, भरीव जागी सरकवून स्क्रूने बसवायची. पट्टीच चिरलेली असती तर आधी तिला आतून लाकडी आधार द्यावा लागला असता.

फोमच्या बाबतीत फोटो फसवतो. रंगावरून घनता ओळखता येत नाही, कारण रंग कारखान्यात घातलेला असतो. त्यामुळे गादीचं कव्हर आणि पॉलिस्टर कापसाचा थर काढून नुसता फोम वजनकाट्यावर ठेवायला लावला. माप ६० × ५५ × १२ सेंमी, वजन ९५० ग्रॅम. घनफळ ०.०३९६ घनमीटर, म्हणजे घनता साधारण २४ किलो प्रति घनमीटर. रोजच्या बैठकीसाठी हे कमीच. मी ३२ किंवा त्याहून जास्त सुचवलं आहे. मात्र घनता टिकाऊपणा सांगते, मऊ की कडक हे नाही. ते दाबून पाहूनच ठरवावं लागतं.

कापडाचा फोटो मात्र फार बोलका निघाला. खिडकीचा उजेड बाजूने पडेल असं धरून, शेजारी पट्टी आणि पांढरा कागद ठेवून जवळून काढलेल्या फोटोत जाड, केसाळ धागे विणीतून वर आलेले दिसले, आणि त्यांच्यामध्ये विणीच्या रेघा. मखमलीत लव सलग उभी असते, विणीच्या रेघा अशा दिसत नाहीत. हे शेनिल आहे. पांढऱ्या कागदामुळे रंगही बराच नेमका कळला: फोनवर राखाडी वाटत होता, प्रत्यक्षात मातकट आहे.

अगदी जुळणारं कापड शोधण्यात अर्थ नाही असं माझं मत. पाठ आणि हातांचं कापड वापराने फिकं पडलंय, त्यामुळे नवीन शेनिल शेजारी उठून दिसेल. गाद्या सुट्या आणि चेनच्या आहेत, तेव्हा फक्त बैठकीची कव्हरं वेगळ्या, गडद रंगात शिवायची. मापं जुन्या कव्हरच्या शिवणीवरून घ्यायची, दबलेल्या फोमवरून नाही. आता क्लिप बसवल्यानंतरचे तळाचे फोटो यायचे आहेत; स्प्रिंग धरून राहिली की मगच फोमची ऑर्डर.