उत्तर खिशात ठेवा

कोड्यांच्या मंडळात उत्तर ओरडायचं नसतं, एवढं नव्या सभासदालाही कळतं. तो ओरडत नाही. तो फक्त म्हणतो, "हात्तिच्या, सोपं आहे!" झालं. शेजारी पानभर आकडेमोड करत बसलेला पेन खाली ठेवतो, कारण आकडेमोड लागतच नाही हे त्याला फुकटात कळलेलं असतं. "प्रश्न नीट वाचा हं" हेही तसलंच. खोच शब्दांत आहे हे त्यातून फुटतं. सुटलं, तर चिठ्ठीवर लिहून कोडं घालणाऱ्याकडे सरकवावं आणि गप्प चहा प्यावा. चेहरा सांभाळता येत नसेल त्याने खिडकीबाहेर बघावं.

अडलेल्याला मदत करणं याहून अवघड. नऊ नाण्यांचं जुनं कोडं घ्या. एक नाणं खोटं आणि हलकं, तराजूला वजनं नाहीत, दोनदाच तोलायचं. बहुतेक जण आधी चार-चार टाकतात. बाहेर राहिलेलंच खोटं निघालं तर एकाच फेरीत काम फत्ते, हा त्यातला मोह. "चूक!" म्हणू नये. "एक पारडं वर गेलं तर पुढे?" एवढंच विचारावं. मग तो त्या चारांचे दोन-दोन करतो, हातात दोन संशयित उरतात आणि तोलणं संपलेलं असतं. आपली वाट कुठे बंद होते हे त्याचं त्यालाच दिसतं.

मग जरा वेळ जाऊ द्यावा. त्याने स्वतः मागितलं, तरच दुसरी खूण: "तराजू किती प्रकारची उत्तरं देतो?" लोक पटकन दोन म्हणतात. पारडी समतोल राहणं हेही उत्तरच आहे, हे सुचायला वेळ लागतो, आणि कोड्याची सगळी गंमत त्या वेळात आहे. तरीही अडलं तर शेवटची: "टेबलावर किती ठेवशील?" याच्या पुढे जाऊ नये. "तीन-तीनचे ढीग कर" ही खूण नव्हे, ते उत्तरच. कारण पहिल्या तोलण्यात खोट्याचा ढीग कळतो, आणि त्यातली दोन नाणी पारड्यांत, एक बाहेर, हे मग कुणालाही जमतं.

कोडं घालणाऱ्यालाही थोडी शिस्त हवी. "हलकं" हा शब्द गाळला, तर नऊ नाण्यांत दोन तोलण्यांत खोटं सापडण्याची खात्री देताच येत नाही. खोटं हलकं की जड हे न सांगता घालायचं कोडं वेगळं: बारा नाणी, तीन तोलणी. या दोघांची खिचडी करून लोक बिनधास्त घालतात आणि सोडवणारा बिचारा स्वतःच्या डोक्याला दोष देत बसतो.

कोडं आधीच माहीत असेल, तर तसं लगेच सांगून बाजूला व्हावं. आत्ताच सुचल्यासारखं कपाळाला हात लावू नये. नाहीतरी हे नऊ नाण्यांचं कोडं कुणी ना कुणी पुन्हा नव्याने घेऊन येतंच. जुने सभासद मग चिवड्याची बशी जवळ ओढतात.