हळदीच्या पाकिटांचे फोटो आणि सपोर्टला लिहिलेला ईमेल

आज सांगलीच्या हळद पावडरीच्या २०० ग्रॅम पाकिटांचे पाचही फोटो ऑनलाइन विक्रीच्या साइटकडून ‘पार्श्वभूमी पांढरी नाही’ म्हणून परत आले. मागे कोरा पांढरा कार्डशीट होता. सपोर्टला तिखट ईमेल लिहायला घेतला, पण आधी फोटो एडिटरमधल्या रंग तपासायच्या ड्रॉपरने कोपरे मोजले. शुद्ध पांढऱ्याचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे २५५ हवेत. इथे वरच्या कोपऱ्यात २२६, २२४, २१७ आणि पाकिटाजवळ निळ्याचा आकडा थेट १९०.

दोन्हीची कारणं वेगळी आहेत. फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की कॅमेरा उजेड कमी करतो, म्हणून कागद राखाडी येतो. आणि पाकीट कागदाला चिकटून ठेवलं की हळदीचा पिवळा रंग त्यावर परावर्तित होतो. डोळ्याला तो दिसतच नाही.

पाकीट मागच्या कागदापासून दोन फूट पुढे घेतलं, कागदावर वेगळा दिवा टाकला, मोबाइलमध्ये एक्सपोजर +१ केलं. कोपरे २५५ झाले. यापेक्षा वाढवू नका, पाकिटाची पांढरी कडा पार्श्वभूमीत विरघळते. पाकिटाच्या पायाशी उरलेली पिवळी झाक मात्र एडिटरमध्येच काढावी लागली.

मग ईमेल साधाच लिहिला: “एसकेयू आणि फाइलचं नाव खाली दिलं आहे. नाकारल्याच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, जुना व नवा फोटो जोडला आहे. नव्या फोटोचे चारही कोपरे २५५ आहेत. तरीही अडचण असल्यास नेमका कोणता भाग, ते कळवावं.”