तीन किलोमीटर जास्त, पण धक्के कमी

आज पहाटे ताईला कळा सुरू झाल्या. जवळचा रस्ता सात किलोमीटरचा, पण त्यावर अकरा स्पीडब्रेकर आणि शाळेपुढे खड्डेच खड्डे. गेल्या रविवारी दोन्ही रस्त्यांनी गाडी फिरवून मी ते मोजून ठेवले होते. म्हणून बायपासने नेलं. दहा किलोमीटर, स्पीडब्रेकर फक्त दोन.

ताई मागे डाव्या कुशीला टेकून, पट्टा पोटाखालून, शेजारी आई. स्पीडब्रेकरच्या आधीच वेग उतरवायचा आणि चाक चढताना ब्रेक सोडायचा. दाबून धरला की धक्का जास्त बसतो. कळ आली की ताई माझ्या खांद्यावर हात ठेवायची, मी गाडी अगदी हळू करायचो. पावणेसहाला पोचलो. आता बाहेर बसलोय.