सेम मॉडेलचा बोर्ड, तरी डिस्क उठत नाही

'भाऊ, सेम मॉडेलची दुसरी डिस्क हाय माह्यापाशी. तिचा बोर्ड काढून याले लावून द्या, डेटा निंघन ना?'

बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन येणारे मला असं विचारतात. बोर्ड म्हणजे डिस्कच्या खाली लावलेलं सर्किट. तो बदलून डेटा बहुतेक वेळा नाही निघत. वीसेक वर्षांपूर्वीच्या पुष्कळ डिस्कमध्ये निघायचा, म्हणून ही समजूत अजून टिकून आहे. आताच्या डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, इतक्या बारीक ट्रॅकवर चालतं, की एकाच दिवशी बनलेल्या दोन डिस्कही सारख्या नसतात. कोणतं हेड चालू ठेवायचं, त्याला किती करंट द्यायचा, त्याचा वाचणारा भाग लिहिणाऱ्या भागापासून किती सरकलेला आहे, हे कारखान्यात प्रत्येक डिस्कचं वेगळं मोजतात. त्यातला सुरुवातीला लागणारा भाग बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असतो आणि उरलेलं फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, आतल्या फिरणाऱ्या चकतीवर, प्लॅटरवर. दुसऱ्या डिस्कचे आकडे घेऊन हेडला प्लॅटरवरचं फर्मवेअर वाचता येत नाही. मग डिस्क फिरते, टिकटिक करते आणि थांबते.

वणीकडच्या एका फोटोग्राफरचं असंच झालं. लग्नांचे फोटो असलेली मोठी डिस्क डॉकमध्ये होती आणि घाईत १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरऐवजी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लागला. डिस्क मेली. त्यानं नागपूरहून त्याच मॉडेलची डिस्क आणून बोर्ड बदलला, तर नुसती टिकटिक. मी आधी ती बंद करायला लावली, कारण तसं वारंवार चालवलं तर चांगलं हेडही जातं.

मग त्याचा मूळ बोर्ड मागितला. मल्टिमीटर १२ व्होल्टच्या लाइनवर आणि ग्राउंडवर धरलं, तर जवळपास शून्य ओहम. पॉवर कनेक्टरजवळ टीव्हीएस नावाचा डायोड असतो. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचा बोर्ड वाचवतो. तो काढून पुन्हा मोजलं, शॉर्ट गेला होता. मूळ बोर्ड परत बसवला, डिस्क चांगल्या पॉवर सप्लायच्या डेस्कटॉपला थेट जोडली आणि ती उठली. आता तिला संरक्षण उरलं नव्हतं, म्हणून फोटो उतरवून घेतले आणि ती वापरातून काढली.

डायोड काढूनही शॉर्ट राहिला असता, तर बोर्ड खरंच जळलेला आहे असं समजलं असतं. तेव्हा दुसरा बोर्ड लागतो, पण मॉडेलसोबत बोर्डवर छापलेला नंबरही जुळावा लागतो आणि जुनी रॉम चिप हॉट एअरनं काढून नव्यावर बसवावी लागते. काही बोर्डवर ती चिप वेगळी नसतेच, मुख्य प्रोसेसरच्या आतच असते. तसा बोर्ड असेल तर मी हात लावत नाही, डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवतो.

आणि डिस्क फिरत असेल, मूळ बोर्डवरच टिकटिक करत असेल, तर दोष बहुधा आतल्या हेडचा असतो. तिथं बोर्ड बदलून काहीच होत नाही. जुना बोर्ड मात्र कोणत्याही परिस्थितीत फेकू नका.