परातीएवढा चंद्र

“सर, चंद्र उगवताना परातीएवढा असतो आणि दूध आटेपर्यंत वाटीएवढा होतो. मधल्या वेळात तो लहान कसा काय होतो?”

लहान होत नाही. उलट डोक्यावर येईपर्यंत किंचित मोठाच होतो, आणि हे मी मोजून सांगतो आहे.

आमचं शेत यावल तालुक्यात. उत्तरेला सातपुडा आडवा पसरलेला, पण पूर्वेकडे रावेरच्या बाजूला सगळं सपाट. केळीच्या बागेच्या बांधावर उभं राहिलं की चंद्र थेट जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. कोजागिरीला घरचे सगळे तिथेच जमतात. एका वर्षी भाच्याचा कॅमेरा मागून घेतला. ३०० मिलिमीटरची लेन्स, तिपाई, आणि झूमची रिंग हलू नये म्हणून तिला चिकटपट्टी. चंद्र उगवल्यावर थोड्या वेळाने एक फोटो घेतला. नंतर मध्यरात्री, चंद्र जवळजवळ डोक्यावर असताना, दुसरा. घरी येऊन दोन्ही फोटो मोठे करून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पिक्सेल मोजले. उगवतीच्या चंद्राची रुंदी भरली ६९०, मध्यरात्रीच्या चंद्राची ७०१.

त्याच्या आदल्या वर्षी माझं मोजमाप साफ चुकलं होतं. तेव्हा उगवतीचाच चंद्र मोठा आला होता, आणि तो आकडा मी चारचौघांना सांगूनही बसलो. चूक उजेडाची होती. खाली असलेला चंद्र मंद असतो म्हणून मी शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. चंद्राची तबकडी पांढरीफटक जळाली, आणि जळलेल्या कडेचा उजेड बाहेर पसरून चंद्र फुगला. तुम्ही स्वतः मोजणार असाल तर आधी बघा, फोटोत चंद्रावरचे डाग स्वच्छ दिसतात ना? दिसत नसतील तर तो फोटो मोजायचा नाही.

आता ते अकरा पिक्सेल कुठून आले? चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तो उगवतो तेव्हा आपण पृथ्वीच्या कडेला असतो. पृथ्वी फिरत फिरत मध्यरात्रीपर्यंत आपल्याला चंद्राच्या बाजूला आणून ठेवते, त्यामुळे आपण त्याच्या जवळपास ६,००० किलोमीटर जवळ जातो. म्हणजे दीड टक्क्याहून थोडं जास्त. ७०० मध्ये दीड टक्का म्हणजे दहा-अकरा पिक्सेल. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण तो आपल्या भासाच्या अगदी उलट्या दिशेचा आहे.

“हवेचं भिंग होतं ना सर?” असं दर वेळी कोणीतरी म्हणतंच. हवा काम करते, पण वेगळं. क्षितिजाजवळ चंद्राचा उजेड जाड हवेतून तिरपा येतो आणि वाकतो. जितका खाली तितका जास्त वाकतो. म्हणून चंद्राची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचललेली दिसते आणि चंद्र उभ्या अंगाने दबतो. माझ्या पहिल्या फोटोत रुंदी ६९०, पण उंची जेमतेम ६५०. अगदी क्षितिजाला टेकलेला चंद्र तर साधारण सहाव्या हिश्श्याने चपटा होतो. म्हणजे हवेमुळे तो लहानच होतो, मोठा नाही.

कॅमेरा नसेल तर कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन पुरे. त्याचं भोक सहा मिलिमीटरचं असतं. कागद हात पूर्ण ताणून धरा, डोळ्यापासून साधारण साठ सेंटिमीटरवर, आणि एक डोळा मिटून भोकातून चंद्र बघा. तो भोकात जेमतेम बसतो, कडेला किंचित जागा उरते. चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो, आणि साठ सेंटिमीटरवरच्या भोकाचा कोनही तेवढाच, थोडासा जास्त. उगवताना बघा, मध्यरात्री बघा, तेच भोक, तेवढीच जागा. आणि भोकातून बघताना परातीएवढा चंद्र एकदम आक्रसलेला वाटतो. कागद बाजूला केला की पुन्हा परात. मला स्वतःला या प्रयोगातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कागदाने चंद्राला काहीच केलं नाही, त्याने फक्त आजूबाजूचं शेत झाकलं.

म्हणजे मोठेपणा येतो तो बघणाऱ्याकडून. डोळ्याच्या पडद्यावर चंद्राची प्रतिमा दोन्ही वेळा सारखीच पडते, ०.१५ मिलिमीटरच्या आसपास. पण ‘केवढा’ हे नुसत्या प्रतिमेवरून ठरत नाही. मेंदू त्यात ‘किती लांब’ हेही धरतो. ते घरीच बघता येतं. दिवसा अंधाऱ्या खोलीत बसून समोरच्या उजेडाच्या खिडकीकडे वीस-तीस सेकंद टक लावा. मग नजर तळहाताकडे न्या. खिडकीची काळपट छाप तळहातावर इवलीशी दिसेल. आता लांबच्या भिंतीकडे बघा. तीच छाप भिंतीवर मोठी होऊन बसते. डोळ्यातला डाग एकच, पण मेंदूने त्याला लांब ठेवलं की तो मोठा होतो. एमर्ट यांनी १८८१ मध्ये हा नियम मांडला.

आता भाद्रपदातलं आकाश आठवा. पांढऱ्या ढगांचे पुंजके, सगळे साधारण एकाच उंचीवर. डोक्यावरचा ढग एक-दीड किलोमीटरवर असतो, पण तशाच उंचीवरचा क्षितिजाजवळचा ढग पन्नास किलोमीटरवरही असू शकतो, आणि म्हणूनच तो बारका दिसतो. घारही तशीच. डोक्यावर घिरट्या घालताना मोठी, आणि तापीच्या दिशेने निघाली की ठिपका होते. जन्मभर आपण हेच बघत आलो आहोत, की आकाशातली वस्तू क्षितिजाकडे गेली म्हणजे लांब गेली, आणि लांब गेली म्हणजे लहान झाली. त्यामुळे आपल्या मनातलं आकाश गोल घुमटासारखं नसतं, उलट्या ठेवलेल्या पसरट परातीसारखं असतं, वर जवळ आणि कडेला लांब. चंद्र या हिशोबात बसत नाही. तो क्षितिजावरही तेवढाच राहतो. मग मेंदू म्हणतो, इतक्या लांब जाऊनही लहान झाला नाही, म्हणजे मुळात फार मोठा असणार.

हा विचार नवा नाही. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकातच हे कोडं हवेकडून काढून बघणाऱ्याच्या मनाकडे नेलं होतं. १९६२ मध्ये कॉफमन आणि रॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी ते प्रयोगाने तपासलं. त्यांनी अर्धपारदर्शक आरशाच्या मदतीने खऱ्या आकाशात उजेडाची कृत्रिम चकती उमटवली. क्षितिजावरची चकती आणि वरची चकती सारख्या दिसाव्यात म्हणून वरची बरीच मोठी करावी लागे, काही वेळा दीडपटीच्या आसपास. पण पुठ्ठ्यातल्या भोकातून बघायला लावून जमिनीचा देखावा झाकला की फरक जवळजवळ निघून जाई. आमच्या पंचिंगच्या कागदाचं काम तेच.

पण इथे एक गाठ आहे, ती तुमच्यापासून लपवणार नाही. क्षितिजावरचा चंद्र लांब वाटतो म्हणून मोठा दिसतो, असं आपण म्हणतो. मग बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, आत्ता चंद्र जवळ वाटतो की लांब? दहातले बहुतेक जण म्हणतील, “जवळ! हात लावावा इतका!” म्हणजे उलटंच झालं. दुरावा मानणारे शास्त्रज्ञ यावर म्हणतात की ही दोन वेगळी पावलं आहेत. आधी मेंदू नकळत दुरावा धरून चंद्र मोठा करतो, आणि मग आपण जाणीवपूर्वक म्हणतो की मोठा दिसतोय म्हणजे जवळच असणार. सगळ्यांना हे पटत नाही. काही जणांच्या मते लांबचं आणि जवळचं बघताना डोळे जे जुळवून घेतात, त्याचाही यात हात आहे. मला दुराव्याचं उत्तर मोठ्या हिश्श्याला पुरेसं वाटतं, सगळ्याला नाही.

शेजारच्या झाडांशी तुलना होते म्हणून चंद्र मोठा वाटतो, हे नेहमीचं उत्तर मात्र अपुरं आहे. समुद्रावर झाडही नसतं, घरही नसतं, आणि तिथेही चंद्र थोरलाच उगवतो. शिवाय हे फक्त चंद्राचं नाही. मार्गशीर्षात संध्याकाळनंतर मृग नक्षत्र पूर्वेला वर येताना बघा. अख्खं शेत व्यापेल एवढं वाटतं. तेच मध्यरात्री वर गेलं की आटोपशीर होतं. ताऱ्यांमधलं अंतर तर काही बदललेलं नसतं.

आणि फोनवर फोटो काढून “सर, फोटोत चंद्र बारीकच आला” म्हणणाऱ्यांना सांगतो, फोन खरं बोलतो आहे. साध्या लेन्सच्या ४,००० पिक्सेल रुंद फोटोत अर्ध्या अंशाच्या चंद्राच्या वाट्याला तीसेक पिक्सेल येतात. उगवताना तेवढेच, मध्यरात्री तेवढेच.

गेल्या कोजागिरीला आमच्या सालदाराला मी आणखी एक गोष्ट करून बघायला सांगितली. चंद्राकडे पाठ करून उभं राहायचं, खाली वाकायचं आणि दोन पायांमधून चंद्र बघायचा. देखावा उलटा झाला की मेंदूला जमिनीचा दुरावा नीट वाचता येत नाही. तो वाकला, थोडा वेळ गप्प बघत राहिला आणि तसाच ओरडला, “धाकला व्हयना!” मग उठून वळला, पुन्हा बघितलं, पुन्हा वाकला. बागेच्या कडेला चंद्र तोवर दोन हात वर आला होता, आणि पोरं रांगेने वाकायला लागली होती.